चष्मा घालवून देण्याचं वचन देणाऱ्यांना खुलं पत्र: ओळी नकोत, नंबर दाखवा

डोळ्यांचे व्यायाम शिकवणारे प्रशिक्षक, छिद्रांचे चष्मे विकणारे व्यावसायिक आणि वनस्पतींच्या थेंबांनी नंबर उतरतो असं छापणारे उत्पादक, यांना सप्रेम नमस्कार.

मी डोळ्यांचे नंबर काढण्याचं काम करते. माझ्यासमोर बसणाऱ्या आई-वडिलांच्या हातात कधी तुमच्या थेंबांची बाटली असते, कधी बारीक भोकांचा काळा चष्मा असतो, तर कधी वर्गात मिळालेलं व्यायामांचं वेळापत्रक असतं. प्रश्न मात्र एकच असतो: हे नियमित केलं तर मुलाचा मायनस नंबर जाईल ना? दावा तुमचा असतो आणि उत्तर मला द्यावं लागतं. म्हणून ते उत्तर इथे सविस्तर लिहून थेट तुमच्याकडे पाठवते आहे.

तुमच्या जाहिरातींतला पुरावा बहुतेक वेळा एकाच प्रकारचा असतो. कोर्सच्या आधी चार्टवरच्या दोन ओळी वाचता येत होत्या, आता चार किंवा पाच येतात. हे सांगणारी माणसं खोटं बोलत आहेत असं मी म्हणत नाही. त्यांनी त्या ओळी खरोखर वाचलेल्या असतात. माझं म्हणणं इतकंच आहे की चार्टवर वाचलेल्या ओळी आणि डोळ्याचा नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नंबर तसूभर न हलता ओळी वाढू शकतात, आणि तुमचा जवळजवळ सगळा व्यवसाय या फरकावर उभा आहे.

एका मुलीचं उदाहरण देते. वय दहा वर्षं. पहिल्यांदा आली तेव्हा डोळ्यांत थेंब घालून, बाहुली मोठी करून उजव्या डोळ्याचा नंबर काढला, तो मायनस २.५० होता. डोळ्याची पुढून मागची लांबी २४.३० मिलिमीटर भरली. चष्म्याशिवाय ती चार्टवर ६/३६ ची ओळ वाचत होती. म्हणजे निरोगी डोळा जी अक्षरं ३६ मीटरवरून वाचतो, ती तिला ६ मीटरवर आल्यावरच दिसत होती. घरच्यांनी चष्मा बाजूला ठेवला आणि सहा महिने व्यायाम करून घेतले. परत आली तेव्हा तिने ६/१८ ची ओळ वाचून दाखवली. दोन ओळींची सुधारणा! आईचा चेहरा उजळला होता.

पण ती कशी वाचते आहे हे मी बाजूला उभी राहून पाहत होते. मान थोडी वळवलेली, हनुवटी वर, पापण्या इतक्या मिटलेल्या की मध्ये जेमतेम एक फट. एका अक्षरावर ती थांबायची, डोळ्यांची उघडझाप करायची, मग सांगायची. चुकलं की मिळत्याजुळत्या आकाराचं दुसरं अक्षर सांगून पाहायची. मी चार्ट बदलून वेगळ्या अक्षरांचा लावला, मान सरळ ठेवायला सांगितली आणि डोळे पूर्ण उघडे ठेवून वाच म्हटलं. ती पुन्हा ६/३६ वर आली.

मग रेटिनोस्कोप घेतला. या तपासणीत रुग्णाला काहीच वाचायचं किंवा सांगायचं नसतं. प्रकाशाची एक पट्टी डोळ्यात फिरवायची आणि बाहुलीतून परत येणारी लालसर चमक कुठल्या दिशेने सरकते ते बघायचं. तिच्या डोळ्यात ती चमक पट्टीच्या उलट दिशेने सरकत होती. एकेक मायनस भिंग समोर धरत गेले, चमक सरकायची थांबली, मी ज्या अंतरावर बसले होते त्याचा हिशेब वजा केला आणि नंबर निघाला मायनस ३.००. लांबी २४.५० मिलिमीटर. सहा महिन्यांत नंबर ०.५० ने वाढला होता, आणि त्याच सहा महिन्यांत चार्टवरच्या ओळीही वाढल्या होत्या. तुमच्या जाहिरातीत यातली दुसरी गोष्ट छापली गेली असती. पहिली कोणी मोजलीच नसती.

ओळी वाढतात त्याची कारणं आहेत. पापण्या मिटून फट केली की डोळ्यात शिरणारा प्रकाश अरुंद होतो आणि धूसरपणा कमी होतो. तोच चार्ट पुन्हा पुन्हा वाचला की अक्षरं पाठ होतात, मुलांची तर फारच पटकन. शिवाय यात मेंदूचा वाटा मोठा आहे. काही तास चष्मा न लावता राहिलं, की मेंदू धूसर प्रतिमेला सरावतो आणि तिच्यातून अधिक अर्थ काढू लागतो. असा सराव झालेली माणसं एखाद-दुसरी ओळ जास्त वाचतात आणि नंबर मात्र होता तिथेच राहतो, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तुमच्या वर्गात पहिल्या दिवसापासून चष्मा काढून ठेवायला सांगतात. त्यामुळे व्यायाम केले नाहीत तरीही हा परिणाम मिळतो.

आता डोळ्याच्या आत काय बिघडलेलं असतं ते पाहू. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण साडेतेवीस मिलिमीटर लांब असतो. पुढचं पारदर्शक पारपटल आणि आतलं भिंग मिळून प्रकाश वाकवतात आणि तो मागच्या दृष्टिपटलावर एकत्र येतो. लघुदृष्टी, म्हणजे मायनस नंबर, असलेल्या बहुतेकांच्या डोळ्यात भिंग ठीकच असतं, डोळा मात्र लांब वाढलेला असतो. प्रोजेक्टर जागेवर राहावा आणि पडदा मागे सरकावा तसं होतं, चित्र पडद्याच्या अलीकडेच जुळतं आणि पडद्यावर धूसर पडतं. एक मिलिमीटर जादा लांबी म्हणजे ढोबळमानाने अडीच ते तीन नंबर. मुलं वाढतात तसा डोळाही वाढतो, आणि ज्यांचा गरजेपेक्षा जास्त वाढतो त्यांचा नंबर दरवर्षी चढत जातो. वाढलेला डोळा परत आखूड होत नाही. म्हणून कुठल्याही उपायाला मी आधी एकच प्रश्न विचारते: याने डोळ्याची लांबी, पारपटलाचा बाक किंवा भिंगाची ताकद यांपैकी नक्की काय बदलतं?

व्यायामांपासून सुरुवात करते, कारण त्यांच्याबद्दलचा विश्वास सर्वांत जुना आहे. डोळे गोल फिरवणं, तळहातांनी झाकणं, जवळ-लांब आलटून पालटून बघणं, यांतलं बरंच काही न्यूयॉर्कचे डॉक्टर विल्यम बेट्स यांच्यापासून आलेलं आहे. त्यांनी १९२० च्या सुमारास असं मांडलं की जवळचं पाहताना आतलं भिंग काही करत नाही, डोळ्याबाहेरचे स्नायू डोळा आवळून त्याची लांबी बदलतात, आणि नंबर लागतो तो या स्नायूंवर आलेल्या ताणामुळे. हे खरं असतं तर व्यायामाने नंबर जाणं शक्य होतं. पण ते खरं नाही आणि तपासायला सोपं आहे. अॅट्रोपिनचे थेंब घातले की भिंगाभोवतीचा आतला स्नायू सैल पडतो. बाहेरचे सहाही स्नायू चालू असतात, डोळा सगळ्या दिशांना फिरतो, तरीही माणसाला जवळचं स्पष्ट पाहता येत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत मूळ भिंग काढलं की ती क्षमता तशीच जाते. म्हणजे जवळ-लांब जुळवण्याचं काम भिंगाचं आणि आतल्या स्नायूचं आहे.

आतल्या त्या स्नायूचा तरी व्यायाम केला तर? तो आकसला की भिंग फुगतं आणि जवळचं दिसतं. तो पूर्ण सैल झाला की भिंग शक्य तितकं चपटं होतं. मायनस नंबरवाल्या माणसाचं भिंग लांब पाहताना आधीच त्या चपट्या अवस्थेत असतं आणि तरीही प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते. बाहुली मोठी करण्याच्या थेंबांनी आम्ही हा स्नायू औषधानेच ढिला करतो. त्यानंतर जो नंबर उरतो तो स्नायूचा नसतो, लांबीचा असतो. तिथे बळकट करायला किंवा सैल करायला काही शिल्लक राहत नाही.

हे नुसतं तर्काने ठरलेलं नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरच्या विल्मर संस्थेत लघुदृष्टी असलेल्या १०३ जणांवर दृष्टीच्या प्रशिक्षणाची चाचणी झाली. काहींच्या ओळी वाढल्या, काहींच्या वाढल्या नाहीत, थोड्यांच्या कमी झाल्या. निष्कर्ष असा निघाला की काही जण धूसर प्रतिमेचा अर्थ लावायला शिकले असतील, पण लघुदृष्टीचा उपचार म्हणून या प्रशिक्षणाचा उपयोग दिसला नाही. चीनच्या शाळांत तर १९६३ पासून डोळ्यांभोवतीचे बिंदू दाबण्याचे व्यायाम रोज करून घेतले जातात. त्याच काळात तिथल्या मुलांत लघुदृष्टी इतकी वाढली की मोठ्या वर्गांतल्या बहुसंख्य मुलांना आज चष्मा आहे. अभ्यास आणि शहरी जीवन यांचा त्यात वाटा आहे, हे मान्य. पण व्यायामांत लघुदृष्टी रोखण्याची ताकद असती तर इतक्या पिढ्यांत ती कुठेतरी दिसली असती.

डोळ्यांचे व्यायाम सरसकट थोतांड आहेत असं मात्र मी लिहिणार नाही, कारण तेही खोटं ठरेल. काही जणांचे दोन डोळे जवळच्या वस्तूवर नीट एकत्र वळत नाहीत. वाचताना अक्षरं दोन-दोन दिसतात, सरकतात, कपाळ दुखतं. अशांना तज्ज्ञाच्या देखरेखीखाली केलेल्या व्यायामांनी खरा फायदा होतो आणि तो २००८ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत सिद्ध झाला आहे. तो आजार दोन डोळ्यांच्या समन्वयाचा आहे, लघुदृष्टी नाही. तुम्ही तिथला पुरावा उचलून मायनस नंबरच्या जाहिरातीत वापरता, हे थांबलं पाहिजे.

दुसरी एक अवस्था आहे आणि तुमच्या यशाच्या काही गोष्टी तिथून येत असाव्यात. सतत जवळचं काम करणाऱ्या काहींचा आतला स्नायू आखडून बसतो आणि लांबचं धूसर दिसू लागतं. मशीनवर मायनस १.०० दिसतो, बाहुली मोठी करून मोजलं की शून्य. ही खोटी लघुदृष्टी. ती विश्रांतीने, जवळचं काम कमी केल्याने किंवा काही दिवसांच्या औषधाने सुटते. असा माणूस तुमच्या वर्गात आला आणि महिन्याने त्याचा चष्मा सुटला, तर ते खरंच घडलेलं असतं. पण त्याच्या अनुभवावरून खऱ्या मायनस चारवाल्याला आशा दाखवणं चूक आहे. दोघांत फरक करायचा एकच मार्ग आहे, कोर्स सुरू होण्याआधी बाहुली मोठी करून नंबर काढायचा. तुमच्यातले कितीजण तो कागद मागतात?

छिद्रांच्या चष्म्याबद्दल लिहिताना मला खरं तर बरं वाटतं, कारण त्यामागचं तत्त्व पक्कं आहे आणि मी ते रोज वापरते. धूसर दिसणं म्हणजे प्रत्येक बिंदूऐवजी दृष्टिपटलावर एक पसरट ठिपका पडणं. तो ठिपका किती मोठा होईल हे नंबरावर आणि प्रकाश ज्या भोकातून शिरतो त्याच्या रुंदीवर ठरतं. बाहुली ४ मिलिमीटरची असेल आणि समोर १ मिलिमीटरचं छिद्र धरलं तर ठिपका एक चतुर्थांश होतो, आणि लगेच स्पष्ट दिसतं. तपासणीत आम्ही असं छिद्र असलेली चकती डोळ्यासमोर धरतो. त्यातून ओळी वाढल्या तर दोष नंबरचा आहे आणि चष्म्याने दिसेल, वाढल्या नाहीत तर मोतीबिंदू, दृष्टिपटल किंवा नस यांकडे बघावं लागतं. इतकी साधी आणि इतकी कामाची दुसरी वस्तू क्वचितच असेल.

पण चकती बाजूला केली की सगळं पुन्हा धूसर होतं. छिद्राने फक्त प्रकाशाची वाट अरुंद केली, डोळ्याला हातही लावला नाही. त्यामुळे रोज काही वेळ हा चष्मा घातल्याने नंबर उतरतो या दाव्याला आधारच नाही. आणि स्पष्टतेची किंमत असते. त्याच हिशेबाने प्रकाश सोळाव्या भागाइतका उरतो, म्हणून दिवसा खोलीतही अंधारल्यासारखं वाटतं. बाजूचं दिसणं जाळीने तुकड्या-तुकड्यांत कापलं जातं. बाहुलीसमोर एकाच वेळी दोन छिद्रं आली तर कडा दुहेरी दिसतात. हा चष्मा घालून वाहन चालवणं, जिना उतरणं, रस्ता ओलांडणं धोक्याचं आहे. वेष्टनावर ही सूचना ठळक अक्षरांत हवी. मी हातात घेतलेल्या कित्येक खोक्यांवर ती नव्हती.

थेंबांची गोष्ट वेगळी, कारण इथे नुकसानही होऊ शकतं. एका थेंबात साधारण ३० ते ५० मायक्रोलिटर द्रव असतो. पापण्यांच्या आत जेवढं मावतं त्यापेक्षा हे जास्त आहे, म्हणून उरलेलं गालावर ओघळतं किंवा अश्रुनलिकेतून नाकात उतरतं. डोळ्याच्या आत पोचतो तो फारच थोडा भाग. तुमच्या बाटलीतल्या वनस्पतीच्या अर्काने डोळ्याचं पांढरं, चिवट बाह्य आवरण आखडून डोळा एक मिलिमीटरने आखूड होतो, असं दाखवणारी चाचणी मला आजवर भेटलेली नाही. असेल तर जरूर पाठवा, मी पूर्ण वाचेन.

थेंब घातल्यावर थंड वाटतं, चुरचुरून पाणी येतं आणि क्षणभर लख्ख दिसतं, हा अनुभव खरा आहे. कोरड्या डोळ्यावरचा अश्रूंचा थर तुटका असतो, त्यामुळे अधूनमधून धूसर दिसतं. पाणी आलं की तो थर सारखा होतो. साध्या वंगण-थेंबांनीही हेच होतं. तो कोरडेपणावरचा आराम आहे. कोरडेपणासाठी म्हणून विकलंत, निर्जंतुक बनवलंत आणि घटक प्रमाणासह छापलेत, तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्याच बाटलीवर ‘नंबर कमी करते’ असं लिहिण्याला. निर्जंतुक नसलेला थेंब पारपटलावरच्या बारीक ओरखड्यातून जंतू किंवा बुरशी आत नेतो. मग पांढरा डाग पडतो, आणि बरा झाल्यावरही व्रण राहिला तर त्या डोळ्याला कुठलाच चष्मा पुरत नाही. लाली झटकन जावी म्हणून कोणी त्यात स्टेरॉइड मिसळलं असेल, तर महिनोन्‌महिने वापरणाऱ्याच्या डोळ्यातला दाब काहीही न दुखता चढतो आणि नस कायमची खराब होते. नैसर्गिक असं लिहिल्याने यातलं काही टळत नाही.

वनस्पतीपासून आलं म्हणून मी एखादी गोष्ट नाकारते, असा समज कृपया करून घेऊ नका. लघुदृष्टीवर ज्या थेंबांचा सर्वांत जास्त अभ्यास झाला ते अॅट्रोपिन बेलाडोना या झुडपातच सापडतं. फरक त्याच्या तपासणीचा आहे. हाँगकाँगमध्ये मुलांना ०.०५, ०.०२५ आणि ०.०१ टक्के अशा वेगवेगळ्या ताकदीचे थेंब आणि काहींना औषध नसलेले थेंब दिले गेले. कोणाला काय मिळतंय हे मुलांना आणि मोजणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. नंबर बाहुली मोठी करून मोजला, लांबीही मोजली. २०१९ मध्ये पहिल्या वर्षाचे निकाल आले, ०.०५ टक्क्यांच्या थेंबांनी वाढीचा वेग सर्वांत जास्त मंदावला. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत ०.०१ टक्क्यांच्या थेंबांचा औषध नसलेल्या थेंबांपेक्षा काहीच जास्त उपयोग दिसला नाही, आणि तेही तसंच छापलं गेलं. मोठ्या प्रयोगांत सगळ्यांत चांगल्या ठरलेल्या औषधाबद्दलही आम्ही इतकंच म्हणू शकतो की मुलांतली नंबरची वाढ काही प्रमाणात मंदावते. असलेला नंबर ते उतरवत नाही. थेंब थांबवल्यावर वाढ पुन्हा वेग घेऊ शकते, उजेड खुपतो, जवळचं धूसर होऊ शकतं, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असतात.

लघुदृष्टी सुरू होण्याआधी ती लांबवण्याचा एक उपाय मात्र चांगला टिकला आहे, आणि तो विकता येत नाही. चीनमधल्या ग्वांगझो शहरात काही शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त उघड्यावर काढायला लावली. तीन वर्षांनी त्या शाळांत शंभरातल्या सुमारे ३० मुलांना लघुदृष्टी आली होती, बाकीच्या शाळांत सुमारे ४० मुलांना. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. दिवसाच्या उजेडाचा हा फायदा प्रामुख्याने चष्मा लागण्याआधीचा आहे, एकदा लागलेला चष्मा त्याने सुटत नाही. वाढ मंदावणारी खास भिंगंही आता आहेत. आणि रात्री घालायच्या कडक काँटॅक्ट लेन्सने पारपटल तात्पुरतं चपटं होऊन दिवसा चष्म्याविना दिसतं, पण लेन्स बंद केल्या की ते मूळ आकारावर येतं.

तुम्ही म्हणाल, व्यायामाने कोणाचं वाईट तर होत नाही. डोळे फिरवल्याने नाही होत. पण तुमच्या सूचनांत चष्मा काढून ठेवणं किंवा कमी नंबरचा वापरणं असतं, तिथे होतं. मलेशियात मुलांच्या एका गटाला मुद्दाम पाऊण नंबर कमी असलेला चष्मा दिला आणि दुसऱ्याला पूर्ण नंबरचा. कमी नंबरवाल्यांचा नंबर उलट जास्त वेगाने वाढला. २००२ साली हे छापून आलं. वर सांगितलेल्या मुलीने सहा महिने फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवून घेतलं होतं. शिवाय त्या सहा महिन्यांत वाढ मंदावणारा उपाय सुरू करता आला असता. दहाव्या वर्षी हा वेळ मौल्यवान असतो, कारण वाढीचा वेग लहान वयातच जास्त असतो. आणि डोळा जितका लांब, तितकं आतलं दृष्टिपटल ताणलेलं. मायनस ६ च्या पुढे ते फाटण्या-सुटण्याचा धोका बराच वाढतो.

मोठ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. विशीच्या आसपास बहुतेकांचा नंबर आपोआप स्थिरावतो. एकोणीस वर्षांचा मुलगा वर्षभर तुमचे थेंब घालतो, नंबर वाढत नाही आणि श्रेय बाटलीला मिळतं. थेंब न घातलेल्या त्याच वयाच्या मुलांचा गट शेजारी ठेवल्याशिवाय हे कळणारच नाही. शिवाय मशीनवरचा नंबर दोन वेळच्या मोजणीत पाव-अर्ध्याने इकडेतिकडे होतोच. मायनस २.०० चा मायनस १.७५ झाला हे यश म्हणून छापू नका.

म्हणून माझी मागणी आहे. ‘नंबर घटतो’ असं लिहायचं असेल तर आधी आणि नंतर बाहुली मोठी करून मोजलेला नंबर द्या, डोळ्याची लांबी मिलिमीटरमध्ये द्या, मोजणारा तुमचा नोकर नसावा आणि उपाय कोणी केला हे त्याला माहीत नसावं. उपाय न केलेला तसाच गट शेजारी असावा आणि काळ किमान एक वर्षाचा असावा. हे जमत नसेल तर ती ओळ वेष्टनावरून, फलकावरून आणि व्हिडिओमधून काढा. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ‘सी क्लिअरली मेथड’ नावाच्या व्यायामसंचाची विक्री २००६ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली होती. तिथेही मूळ तक्रार हीच होती की दाव्यांमागे विश्वासार्ह पुरावा नाही. कायद्याचा बडगा येण्याची वाट तुम्ही पाहू नये असं मला मनापासून वाटतं, कारण तुमच्यातले अनेकजण या उपायांवर स्वतः विश्वास ठेवून आहेत.

अशांसाठी एक तपासणी सुचवते, तिला यंत्र लागत नाही. मायनस नंबरचा अर्थ असा: १०० ला नंबराने भागा, जितकं उत्तर येईल तितक्या सेंटिमीटरपर्यंत त्या डोळ्याला चष्म्याविना स्पष्ट दिसतं. मायनस २.५० ला ४० सेंटिमीटर, मायनस ३.०० ला सुमारे ३३. कोर्सच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाचा चष्मा काढा, एक डोळा झाका, बारीक छापलेला मजकूर डोळ्यापासून हळूहळू लांब न्या आणि अक्षरांची कड पुसट व्हायला लागते तिथलं अंतर टेपने मोजा. डोळे पूर्ण उघडे हवेत, उजेड आणि मजकूर दरवेळी तोच हवा. तीनदा मोजून सरासरी लिहून ठेवा. एखाद-दोन सेंटिमीटरचा फरक मोजणीतला असतो. नंबर खरोखर मायनस २.५० वरून मायनस १.५० वर आला असेल तर तेच अंतर ४० वरून ६५ च्या पुढे गेलेलं दिसेल, ते लपणार नाही. कोर्स संपल्यावर पुन्हा मोजा आणि सगळ्यांचे आकडे छापा, फक्त सुधारलेल्यांचे नकोत. कोणाचं अंतर खरंच इतकं वाढलं तर त्या व्यक्तीला बाहुली मोठी करून तपासायला पाठवा. खोटी लघुदृष्टी होती की आणखी काही, हे मलाही जाणून घ्यायचं आहे.

आणि तोपर्यंत तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला दोन गोष्टी सांगा. मुलाचा चष्मा काढून ठेवू नका आणि दर सहा महिन्यांनी नंबर तपासा. डोळ्यासमोर अचानक विजेसारखे झोत चमकले, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर व्यायाम, छिद्रांचा चष्मा, थेंब सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. दृष्टिपटल सुटत असण्याची ती लक्षणं असतात, आणि त्यावरची शस्त्रक्रिया वेळेत झाली तर नजर वाचते.

आपली,
डोळे तपासणारी एक ऑप्टोमेट्रिस्ट